चाकाचा नट : जोर किती आणि पाना किती लांब?

हिंगणघाटहून कापडाचे गठ्ठे नागपूर–हैदराबाद महामार्गाने जातात. एकदा आमच्या टेम्पोचा चाकाचा स्टड वाटेतच तुटला. पान्याला पाईप लावून वर उभे राहून नट आवळण्याची आमच्याकडची सवयच त्याला कारण होती. तेव्हापासून आम्ही हा हिशेब शिकलो.

नटाला बसणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी. लांबी नटाच्या मध्यापासून हात धरतो तिथपर्यंत मोजावी. पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि एक किलोचा जोर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन. प्रत्येक नटाचा पीळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. समजा तो 200 आहे. पाना 40 सेंटिमीटरचा असेल तर 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 51 किलो जोर लागेल. एवढा जोर हाताने देणे कठीण. पाना 80 सेंटिमीटरचा घेतला तर तेच काम सुमारे साडेपंचवीस किलोत होते.

पण याच 80 सेंटिमीटरच्या टोकावर 60 किलोचा माणूस उभा राहिला तर पीळ सुमारे 470 होतो, म्हणजे हवा त्याच्या दुपटीहून जास्त. स्टड ताणला जातो, त्या दिवशी दिसत नाही, पुढे कधीतरी तुटतो. आवळताना पाना आधी जड लागून मग एकाएकी हलका झाला, तर स्टड ताणला गेला किंवा आटे गेले असे समजावे आणि तो बदलावा.

हा अंदाज टाळण्यासाठी टॉर्क पाना असतो. त्याची मर्यादा आपल्या आकड्याहून मोठी असावी. 200 साठी 70 ते 350 चा पाना योग्य. आकडा लावून मूठ मध्यावर धरावी आणि दांड्याशी काटकोनात सावकाश ओढावे. 'टक' असा आवाज येताच थांबावे. पुन्हा ओढल्यास पीळ वाढतो. दांड्याला पाईप लावू नये, त्याने माप चुकते. या पान्याने नट सैल करू नये, आणि काम झाल्यावर आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणावा.

चाक जॅकवर असताना नट समोरासमोरच्या क्रमाने हलके बसवावेत. चाक जमिनीला टेकल्यावर त्याच क्रमाने पूर्ण आवळावेत. आट्यांना तेल लावावे की नाही, हे पुस्तिका सांगते. कोरड्या आट्यांसाठी दिलेला पीळ तेलकट आट्यांना दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळे स्टड जास्त ताणला जातो. शेवटी, चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत. हिंगणघाटहून निघालेल्या गाडीला हे काम नागपुरात पोचल्यावर, माल उतरवण्याआधी सहज करता येते.