तक्रारीचे पत्र पाठविण्यापूर्वी

'आपल्या नव्या पावडरीमुळे काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उठतात आणि रंग विटतो,' असे पत्र मी उत्पादकाला लिहिले खरे, पण पाकिटात घालताना हात थांबला. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये अनेक इमारतींत नळाच्या पाण्याला बोअरच्या पाण्याची जोड असते. पावडर बदलली त्याच आठवड्यात आमच्याकडे बोअरचे पाणी सुरू झाले होते. मग दोष कोणाचा?

प्रथम पट्टे पाहू. ते साध्या पाण्याने जाईनात; म्हणजे ती न विरघळलेली पावडर नव्हती. पट्ट्यावर व्हिनेगरचा थेंब टाकताच बारीक बुडबुडे आले आणि डाग नाहीसा झाला. कार्बोनेटची ही ओळख. पावडरीतला धुण्याचा सोडा आणि कठीण पाण्यातले कॅल्शियम यांच्या संयोगाने कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, तयार होतो. आमच्या बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम भरली. १५ लिटरच्या बादलीत जास्तीत जास्त ६ ग्रॅम खडू साचू शकतो. जुन्या पावडरीनेही बोअरच्या पाण्यात असेच पट्टे उठले. नळाच्या पाण्यात नव्या पावडरीने उठले नाहीत. पट्ट्यांचा आरोप मागे घ्यावा लागला.

रंगाचे काय? खडूचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे काळा रंग राखाडी दिसतो. म्हणून शर्ट पंधरा मिनिटे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवून खळबळला. (क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.) रंग बराच परतला, तरी शिवणीच्या आतल्या, न उन्हाळलेल्या कापडापेक्षा फिकाच राहिला. पण ही करामत उन्हाचीही असू शकते. तेव्हा एकाच काळ्या सुती कापडाचे दोन तुकडे नळाच्या पाण्यात, एक जुन्या व एक नव्या पावडरीने, दहा वेळा सारखेच भिजवून धुतले आणि सावलीत वाळवले. नव्या पावडरीचा तुकडा स्पष्ट फिका निघाला.

कारण शोधण्यास शाळेची प्रयोगशाळा पुरते. दोन्ही पावडरींच्या द्रावणांत फसफस थांबून निळा लिटमस लाल होईपर्यंत विरल सल्फ्यूरिक आम्ल घातले. मग पोटॅशियम आयोडाइड आणि पिष्टाचे पाणी घातले. नव्या पावडरीची नळी काही मिनिटांत निळी झाली, जुनीची झाली नाही. आयोडाइडपासून आयोडीन मोकळे करणारा ऑक्सिडीकारक, म्हणजे विरंजक, नव्या पावडरीत होता. तो नेमका कोणता, हे मात्र या परीक्षेने कळत नाही. हवेनेही आयोडाइडचे हळूहळू आयोडीन होते, म्हणून तुलनेची दुसरी नळी आवश्यकच.

पत्र नव्याने लिहिले. त्यात बॅच क्रमांक, पावडरीचे प्रमाण, पाण्याची कठीणता आणि कापडाचे दोन्ही तुकडे जोडले. तक्रार एकच उरली : 'सर्व कपड्यांसाठी' असे छापलेल्या पुड्यावर विरंजकाचा उल्लेख ठळक असावा. पट्ट्यांबद्दलचे पत्र मात्र आता सोसायटीच्या चिटणिसांना जाईल.