ध चुकून कुठे जातो?

हाताने लिहिलेलं देवनागरी अक्षर ओळखणारा प्रोग्राम तयार झाला की पहिली बातमी टक्क्यांत येते: 95 टक्के अचूक. ऐकायला बरं वाटतं, पण उरलेल्या 5 टक्क्यांत कोणती अक्षरं सापडली आणि त्यांचं काय झालं, याचा त्या आकड्यावरून पत्ता लागत नाही. त्यासाठी चुकांचा तक्ता मांडावा लागतो. त्याला कन्फ्युजन मॅट्रिक्स म्हणतात आणि तो रंगवला की झाला हीटमॅप.

उदाहरणासाठी नेपाळमध्ये तयार झालेला, 2015 साली प्रसिद्ध झालेला देवनागरी अक्षरांचा संच घेऊ. त्यात 36 व्यंजनं आणि 10 अंक मिळून 46 वर्ग आहेत, प्रत्येकाची 2000 चित्रं. त्यातली 1700 शिकवायला आणि 300 परीक्षेला. पुढे चुकांचे जे आकडे देतो आहे ते वाचनाची रीत कळावी म्हणून मांडलेले आहेत, कुणाच्या प्रयोगाचे निकाल नव्हेत.

तक्त्याची आडवी ओळ म्हणजे खरं अक्षर आणि उभा रकाना म्हणजे प्रोग्रामने दिलेलं उत्तर. पायथनच्या scikit-learn मध्ये अशीच मांडणी असते. काही ठिकाणी ती नेमकी उलटी असते, तेव्हा अक्षांवरची नावं आधी वाचावीत. खरं अक्षर आणि उत्तर जुळलं की नोंद कर्णावर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या रेषेवर पडते. बाकी सगळी घरं चुकांची.

आता गंमत अशी की पहिल्यांदा काढलेल्या हीटमॅपमध्ये चुका दिसतच नाहीत. कर्णावर 280-290 चे आकडे, बाहेर 3, 7, 19. रंगांची पट्टी 0 ते 300 पसरलेली, त्यामुळे 19 आणि 0 दोन्ही डोळ्यांना पांढरेच. गडद तिरपा पट्टा पाहून माणूस खूश होतो आणि तक्ता मिटून ठेवतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक आकड्याला त्याच्या ओळीच्या बेरजेने भागायचं, मग कर्ण शून्य करायचा आणि पुन्हा रंगवायचं.

```python
cm = confusion_matrix(y_true, y_pred, normalize="true")
np.fill_diagonal(cm, 0)
ConfusionMatrixDisplay(cm).plot(include_values=False)
```

आता सगळा रंग चुकांना मिळतो. पण प्रत्येक रंगीत ठिपक्यामागे धावायचं नाही. परीक्षेला 13,800 चित्रं होती, 95 टक्के अचूकता म्हणजे 690 चुका. कर्णाबाहेरची घरं 2070. चुका निव्वळ योगायोगाने सगळीकडे सारख्या विखुरल्या असत्या, तर सरासरी तीन घरांमागे एक चूक आली असती. म्हणून 1 किंवा 2 चं घर फारसं काही सांगत नाही. 19 चं घर मात्र आपोआप भरत नाही, त्यामागे कारण असतं.

ते कारण शोधताना मी कधीच एकटं घर पाहत नाही, त्याचं जुळं घरही पाहतो. ध च्या ओळीत घ च्या रकान्यात 19 आहेत, तर घ च्या ओळीत ध च्या रकान्यात किती? समजा 16. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते आहे. ध ची शिरोरेषा डावीकडे तुटते, घ ची सलग जाते. घाईत लिहिणारा एक जण ध वर सरळ रेघ ओढतो, दुसरा घ ची रेघ अर्ध्यावर सोडतो. शिवाय या संचातलं अक्षर 28 गुणिले 28 ठिपक्यांत बसवलेलं आहे. तिथे ती फट जेमतेम एक-दोन ठिपक्यांची उरते. भ आणि म यांचंही असंच. इथे प्रोग्रामला दोष देण्याआधी ती 35 चित्रं उघडून बघावीत. काही आपल्यालाही वाचता येणार नाहीत आणि एखाद्याला तर नावच चुकीचं दिलेलं निघेल. जी स्पष्ट वाचता येतात, पण प्रोग्रामला जमली नाहीत, त्यांच्यासाठी मोठ्या आकाराची चित्रं घेऊन पाहण्यात अर्थ आहे.

दुसरी जोडी ङ आणि ड. समजा ङ च्या ओळीतून ड च्या रकान्यात 31 गेले आणि उलट दिशेने फक्त 1. इतका एकतर्फीपणा दिसला की माझा संशय अक्षर लिहिणाऱ्यावर जात नाही, तयारीच्या पायरीवर जातो. ङ म्हणजे जवळजवळ ड च, फक्त बाजूला एक टिंब. स्कॅन केलेल्या कागदावरचे बारीक डाग पुसणारी गाळणी लावली असेल, तर ती टिंबालाही डागच समजते. टिंब गेलं की ङ चा ड होतो, पण ड ला टिंब काही आपोआप फुटत नाही. म्हणून चूक एकाच दिशेने वाहते. पडताळा घ्यायला फार कष्ट नाहीत: तीच 31 चित्रं गाळणीच्या आधीची आणि नंतरची शेजारी ठेवायची. आधीच्या चित्रात टिंब असेल आणि नंतरच्यात नसेल, तर चोर सापडला. मॉडेल कितीही मोठं घेतलं तरी पुसलेलं टिंब परत येणार नाही.

ही गडबड ड च्या ओळीत दिसत नाही, हेही लक्षात घ्यावं. 300 पैकी 296 ड बरोबर ओळखले, म्हणजे जवळपास 99 टक्के. पण उभा रकाना बेरजेला घेतला तर प्रोग्रामने ‘ड’ असं उत्तर 335 वेळा दिलेलं निघतं, आणि त्यातले खरे ड 296, म्हणजे 88 टक्के. ओळ सांगते की खऱ्या ड पैकी किती हाती लागले. ‘ड’ या उत्तरावर किती भरवसा ठेवावा, ते रकाना सांगतो. वरच्या कोडमधली भागणी ओळीची होती. रकान्याची हवी असेल तर `normalize="pred"` लिहायचं.

अर्थात रकान्याचा हा 88 चा आकडाही परीक्षेपुरताच खरा. तिथे ङ आणि ड सारख्याच संख्येने आणून बसवले होते. मराठी मजकुरात ‘वाङ्मय’सारखे मोजके शब्द सोडले तर सुटा ङ भेटतो कुठे? ङ मुळात दुर्मीळ असला की ड च्या रकान्यात त्याची भेसळही नगण्य होते. उलट ध आणि घ दोन्ही नेहमीचे, आणि एकाचा दुसरा झाला की ‘धन’चा ‘घन’ होतो. मराठी कागद वाचायचे असतील, तर 31 च्या गडद घराआधी 19 चं फिकट घर दुरुस्त करायला घ्यावं, असं माझं मत आहे.

आणि मराठीसाठी हा तक्ता एका जागी आंधळाच आहे. त्या 36 व्यंजनांत ळ नाही, कारण नेपाळी लेखनाला तो लागत नाही. ळ ची ओळ नाही, रकाना नाही, त्यामुळे हीटमॅपवर त्याची एकही चूक उमटत नाही. प्रत्यक्षात ‘बाळ’ किंवा ‘शाळा’ समोर आलं की प्रोग्राम गप्प बसत नाही, असलेल्या 46 उत्तरांतलं एक देऊन मोकळा होतो. आपल्याकडच्या लोकांनी लिहिलेले शंभरेक ळ गोळा करून त्याला दाखवावेत आणि तक्त्याखाली 47 वी ओळ स्वतः जोडावी. या ओळीला कर्णावरचं घर मिळणारच नाही, तिची सगळी घरं चुकांचीच. पण ते शंभर ळ एकाच रकान्यात साचतात की दहा ठिकाणी विखुरतात, हे तिथे दिसेल. एकाच रकान्यात साचले, तर नवा वर्ग शिकवताना त्या अक्षराचे आणि ळ चे नमुने समोरासमोर ठेवून सर्वांत जास्त द्यावे लागतील.