जेवताना नाहीसा होणारा गोळा

घशात काहीतरी अडकलंय अशी तक्रार घेऊन माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा डॉक्टर बहुतेक वेळा आधी जेवणाचं विचारतात. भाकरी गिळताना अडकते का? "नाही हो, जेवताना काहीच वाटत नाही. हात धुऊन बसलं की पुन्हा सुरू." हे सांगताना रुग्ण जरा ओशाळतो, कारण आपलं बोलणं आपल्यालाच खोटं वाटेल असं असतं. डॉक्टरांचं निम्मं काम मात्र याच उत्तराने होतं.

घशात खरोखर गाठ असेल किंवा अन्ननलिका अरुंद झाली असेल, तर पहिल्यांदा घट्ट अन्न अडतं. पोळीचा घास पाण्याबरोबर ढकलावा लागतो, मग मऊ भातही जड जातो, आणि शेवटी पाण्याचीही पंचाईत होते. इथे सगळं उलटं आहे. घास सुरळीत उतरतो, पण नुसती थुंकी गिळताना गोळा जाणवतो. वैद्यकात याला 'ग्लोबस' म्हणतात.

स्वरयंत्राच्या खालच्या कडेपाशी, जिथे अन्ननलिका सुरू होते, तिथे स्नायूचं एक कडं आहे. बटव्याची दोरी ओढून ठेवावी तसं ते एरवी आवळलेलं असतं. त्यामुळे श्वासाबरोबर हवा पोटाकडे जात नाही आणि पोटातलं सहजी घशात येत नाही. घास आला की स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, कडं सैल पडतं, सेकंदभरही न उघडता पुन्हा मिटतं. ते गरजेपेक्षा जास्त आवळलेलं राहिलं किंवा तिथल्या संवेदना तीव्र झाल्या, तर रिकाम्या घशातही काही असल्यासारखं वाटतं. जेवताना कडं पुन्हापुन्हा पूर्ण सैल होतं आणि घासाच्या स्पर्शापुढे ती बारीक जाणीव मागे पडते, म्हणून तेवढा वेळ आराम मिळतो.

कडं आवळण्यामागे कारण एकच नसतं. काहींना आम्लपित्ताचा त्रास असतो. आम्ल घशापर्यंत यावंच लागतं असं नाही. अन्ननलिकेच्या खालच्या भागात आलं तरी त्याची जाणीव वर, गळ्याशी होऊ शकते. मानसिक ताणाचाही वाटा असतो. पूर्वी तर या तक्रारीच्या नावातच 'हिस्टेरिया' होता. १९६८ मध्ये माल्कमसन या ब्रिटिश डॉक्टरांनी आपले रुग्ण तपासून ते नाव चुकीचं असल्याचं दाखवलं, कारण त्यातल्या बहुतेकांना हिस्टेरिया नव्हताच. तरी "सगळं मनाचं आहे" हे वाक्य दवाखान्यांतून अजून गेलेलं नाही. ताणाने स्नायू आवळतो, तो खराच आवळतो.

त्रास वाढवण्याचं काम पुष्कळदा रुग्ण स्वतःच करतो. अडकलेलं खाली जावं म्हणून तो सारखा आवंढा गिळतो. काही न खाता-पिता लागोपाठ पाच वेळा गिळून पाहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी घसा अडल्यासारखा होतो आणि गिळणं जमेनासं होतं, कारण तोंडातली लाळ संपलेली असते. हे निरोगी माणसालाही होतं. ग्लोबसच्या रुग्णाला मात्र तो गोळ्याचा पुरावा वाटतो, आणि तो आणखी गिळतो, खाकरतो. खाकरण्याने घशाचं अस्तर दुखावतं आणि जाणीव वाढते.

समजा, बेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. परीक्षेच्या दिवसांत गळ्याच्या मधोमध, कंठाच्या खोबणीच्या जरा वर गोळा वाटू लागला. संध्याकाळी जास्त, जेवताना नाही. वजन तसंच, आवाज स्वच्छ, तंबाखू कधी नाही. डॉक्टर मान आणि थायरॉइड हाताने चाचपतात, नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. काम काही मिनिटांचं. काही सापडलं नाही, तर सहसा पुढच्या तपासण्यांची रांग लावायची गरज नसते. बाईंना छातीत जळजळही होत असेल, तर आम्ल कमी करणारं औषध काही आठवडे देऊन पाहतात. जळजळ नसताना त्याचा उपयोग फारसा दिसत नाही, तरी ते सर्रास लिहिलं जातं. त्यापेक्षा खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घेणं, जांभई देऊन घसा सैल सोडणं आणि आतून पाहिलेला घसा स्वच्छ आहे हे डॉक्टरांकडून नीट समजून घेणं, याने बऱ्याच जणांना उतार पडतो. काहींचा गोळा महिनोन्‌महिने येत-जात राहतो, पण त्याचा कर्करोग होत नाही.

लक्षणं वेगळी असतील तर हे सगळं लागू नाही. घास अडणं, गिळताना दुखणं, एकाच बाजूला टोचणं, त्याच बाजूच्या कानात कळ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेत हाताला लागणारी गाठ, थुंकीत रक्त किंवा उतरत चाललेलं वजन, यांपैकी एकही असेल तर थांबू नये. आणि मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-गुटखा खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने "जेवताना बरं वाटतं" एवढ्यावर भागवू नये. त्याचा घसा दुर्बिणीने पाहायलाच हवा.