बेडूक आठवर बसलाय, अजून उडालेला नाही

पहिलीच्या वर्गात वीसपर्यंतची बेरीज शिकवताना बाई एक आडवी रेघ मारतात, तिच्यावर ० ते २० अंक लिहितात आणि एखाद्या अंकावर बेडूक बसवतात. ही झाली संख्यारेषा. बेडूक आठवर बसला, पुढे पाच उड्या मारल्या, तेरावर पोचला; म्हणून ८ + ५ = १३. मोठ्या माणसाला यात समजावण्यासारखं काही दिसत नाही. पण अशा वर्कशीटचा गठ्ठा तपासायला घ्या, कुणीतरी ८ + ५ = १२ लिहिलेलं हमखास सापडतं.

हे उत्तर येतं कसं? मूल आठवर बोट ठेवतं आणि तिथेच ‘एक’ म्हणतं. मग नऊवर दोन, दहावर तीन, अकरावर चार आणि बारावर पाच. त्याचं मोजणं चोख असतं, फक्त त्याने उड्यांऐवजी खुणा मोजलेल्या असतात. बेडूक उडायच्या आधीच पहिली उडी मोजली गेली. ही चूक ओळखणं सोपं आहे. त्याच मुलाची बाकीची उत्तरं बघायची. ६ + ३ = ८, ९ + ४ = १२ अशी सगळीच एकाने कमी असतील, तर दुखणं हेच. कधी एक जास्त, कधी दोन कमी असा गोंधळ असेल, तर मात्र मुलाचं मोजणंच अजून कच्चं आहे आणि त्याला रेघेपेक्षा बिया किंवा मणी द्यावेत.

उपाय पेन्सिलीत आहे. नुसतं बोट न फिरवता प्रत्येक उडीची कमान काढायला लावायची आणि बेडूक खाली टेकला की मगच मोजायचं. सापशिडीत फाशावर पाच पडले की आपलं घर सोडून पुढचं घर पहिलं धरतात. तिथे कुणी चुकलं तर समोरचा लगेच भांडतो. वर्कशीटवर भांडायला कुणी नसतं.

मोजताना तोंडाने काय म्हणायचं, यानेही फरक पडतो. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर या अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीतल्या मुलांना शंभरपर्यंतच्या घरांचा खेळ खेळायला दिला. जी मुलं सोंगटी पुढे नेताना त्या त्या घराचा आकडा म्हणत होती, त्यांची संख्येची समज वाढली. दर वेळी ‘एक, दोन’ म्हणणाऱ्यांची तशी वाढली नाही. म्हणून पाच कमानी काढून झाल्या की त्यांच्यावरून परत एकदा ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ असं म्हणून घ्यावं.

कागदाचंही बघायला हवं. ए-फोर कागद उभा धरला तर समास सोडून दोन अंकांमध्ये जेमतेम साडेआठ मिलिमीटर जागा उरते. सहा वर्षांच्या हाताला तेवढ्यात कमान काढता येत नाही; रेघोट्या एकमेकींत गुंततात आणि पोर चुकतं ते कागदापायी. तोच कागद आडवा घेतला की जागा सव्वा सेंटिमीटरच्या पुढे जाते.

खरी गंमत रिकाम्या चौकटींची. ८ + ५ = □ मध्ये बेडूक कुठे पोचला ते विचारलंय, ८ + □ = १३ मध्ये उड्या किती ते. दुसऱ्या प्रकारात बरीच मुलं अधिकचं चिन्ह बघून दिसतील त्या संख्या मिळवतात आणि चौकटीत २१ लिहायला जातात. पण रेघ तर वीसवर संपते! मूल तिथेच अडखळतं, आणि नेमकं तेच हवं असतं. याउलट ४ + □ = ९ दिलं, तर चुकून आलेले १३ रेघेवर आरामात बसतात आणि कुणालाच काही खटकत नाही. म्हणून अशी पहिली एक-दोन गणितं देताना दिसणाऱ्या दोन संख्यांची बेरीज वीसच्या पलीकडे जाईल असं बघावं. ७ + □ = १५ चालेल.

□ + ५ = १३ सगळ्यांत अवघड, कारण बेडूक निघाला कुठून तेच लपवलंय. तेरावरून पाच उड्या उलट्या मारल्याशिवाय त्याचं घर सापडत नाही, म्हणजे इथे वजाबाकी गुपचूप आत शिरते. असं एकच गणित शेवटी ठेवावं, तेही वरच्या दोन्ही प्रकारांत हात बसल्यावर.

एकेक उडी मारत बसणं हे अर्थात कायमचं काम नव्हे. त्यासाठी दहाची खूण ठळक छापावी आणि बेडकाला तिथे थांबा द्यावा: आठवरून दोनची उडी मारून दहावर, तिथून तीनची मारून तेरावर. पाच छोट्या कमानींच्या जागी दोन मोठ्या. ९ + ७ ला मुलाने न सांगता आधी एकची आणि मग सहाची उडी काढली, तर पुढच्या कागदावर फक्त ०, १० आणि २० छापून बाकीची रेघ कोरी सोडायला हरकत नाही.