एक टॅक्सी, दोन ड्रायव्हर: पाच वाजताचं गणित

आजच्या भागाचं हे लिखित रूप, थोडं नीटनेटकं केलेलं.

मुंबईत दुपारी साडेचारच्या सुमारास काळी-पिवळीला हात करा. "शिफ्ट बदलायचीय" असं म्हणत गाडी पुढे निघून जाण्याची शक्यता बरीच असते. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीतही चार-पाचच्या दरम्यान हाच अनुभव येतो. दोन्हीकडे हीच वेळ का? माझे काका दादरला मालकाकडून भाड्याने घेतलेली गाडी एका जोडीदारासोबत चालवतात. हे गणित मी त्यांच्या वहीवरून समजून घेतलं.

दिवसाचे २४ तास १२-१२ असे वाटले की तास समान होतात, कमाई नाही. पैसे मुख्यतः सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीत असतात. शिफ्ट सकाळी आठ ते रात्री आठ ठेवली तर दोन्ही गर्द्या एकालाच मिळतात. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच ठेवली की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येते. शिवाय मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५ भाडं २५ टक्के जास्त असतं. दुपारची मंदी दिवसवाला सोसतो, दोन-तीन वाजताचं रिकामं फिरणं रात्रवाला. म्हणून पाच.

आता आकडे बघू. हे समजण्यासाठी मांडलेत, तुमच्या भागात वेगळे निघतील. समजा मालकाचं भाडं २४ तासांचं १,००० रुपये आहे. दिवसवाल्याचा धंदा १,८८०, सीएनजी ४८०, उरले १,४००. रात्रवाल्याचा धंदा १,९८०, पण रस्ते मोकळे म्हणून गॅस ४००, उरले १,५८०. भाडं निम्मं-निम्मं भरलं तर एकाच्या हातात ९००, दुसऱ्याच्या १,०८०. म्हणजे रोज १८० चा फरक. महिन्याच्या २६ दिवसांत तो ४,६८० होतो, आणि भांडण इथूनच सुरू होतं.

यावर उपाय म्हणजे भाडं निम्मं न करता असं वाटायचं की हातात सारखं उरेल. दिवसवाला ४१० देतो, रात्रवाला ५९०. दोघांना ९९० उरतात. मात्र हे आकडे रोज बदलायचे नाहीत. रोज बदलले तर जो जास्त मेहनत करतो त्याची जादा कमाई दुसऱ्याकडे जाते, मग मेहनत कोण करेल? महिनाभराची सरासरी काढायची आणि पुढच्या महिन्याचा वाटा त्यावरून आधीच ठरवायचा.

दुसरी गोची गॅसची. "टाकी फुल करून द्यायची" हा नियम सोपा वाटतो, पण पंपावर प्रेशर कमी असेल तर फुल म्हणजे खरंच फुल नसते. त्यामुळे वहीत गाडी देताना-घेतानाचे किलोमीटर आणि भरलेला गॅस, दोन्ही लिहायचे. एखाद्याच्या शिफ्टमध्ये नेहमीपेक्षा कमी किलोमीटरमागे तेवढाच गॅस जात राहिला, तर आधी जोडीदारावर संशय घेऊ नका, फिल्टर आणि प्लग तपासा.

तिसरी गोष्ट म्हणजे उशीर. संध्याकाळचा तास समजा २५० रुपयांचा. गाडी अर्धा तास उशिरा मिळाली की रात्रवाल्याचे १२५ गेले. काकांच्या वहीत ते दिवसवाल्याच्या नावावर चढतात. म्हणून दिवसवाला चारनंतर स्टँडवर थांबत नाही. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि घेतलेलं भाडं ठाण्याचं निघालं तर पाच वाजता परत येणं अशक्य. त्याऐवजी तो तेव्हा गॅसच्या रांगेत लागतो.

राहिला रात्रपाळीचा प्रश्न. पैसे सारखे झाले तरी झोप सारखी होत नाही, म्हणून महिन्याने पाळ्या बदलतात. बदल रविवारीच, कारण त्या दिवशी गाडी उभी असते. रात्रवाला रविवारी पहाटे पाचला उतरतो आणि सोमवारी पहाटे पाचला दिवसपाळीवर चढतो, मध्ये २४ तास. दिवसवाला शनिवारी संध्याकाळी पाचला सुटतो आणि सोमवारी पाचला रात्रपाळी धरतो, मध्ये ४८ तास. हाच बदल बुधवारी केला तर रात्रवाल्याला उतरल्या-उतरल्या पुढचे १२ तास चालवावं लागेल, किंवा एक शिफ्ट बुडेल. स्टिअरिंगवर डुलकी लागते ती अशाच दिवशी.

आमच्या ऑफिसात ऑन-कॉल बदलताना आम्ही हँडओव्हरची नोट लिहितो. काकांच्या वहीत चारच रकाने आहेत: वेळ, किलोमीटर, गॅस, गाडीची तक्रार. टॅक्सीत जोडीदार घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून हे चार लिहा. पहिला महिना निम्मं-निम्मं भरा, आणि दुसऱ्या महिन्याचा वाटा वहीला ठरवू द्या.

भेटू पुढच्या भागात!