स्थळ चांगलं आहे, पण आत्ता नाही

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली, की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. आषाढी एकादशीपासूनचे चार महिने बंद असलेला हा व्यवहार पुन्हा उघडतो तो तेव्हा. मुहूर्त डिसेंबरात हवा असेल तर बोलणी त्याआधी व्हायला हवीत आणि मुलगा-मुलगी त्याहीआधी एकमेकांना दाखवायला हवीत. म्हणून अनेक घरांत नवरात्र ते दिवाळी या दिवसांत मावशी, आत्या, काकू आणि मामी यांचे फोन वाढतात. फराळाची चौकशी होते, तब्येतीची होते आणि मग आवाज थोडा खाली येतो : "एक स्थळ आहे. घरचे चांगले आहेत. या रविवारी येऊ दे का त्यांना?"

सत्ताविशीच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला तेव्हा लग्न करायचंच नसतं असं नाही. तिला आत्ता करायचं नसतं. एखादीची नोकरी नवी असते, एखादीची परीक्षा अर्धी राहिलेली असते, एखादीला काही काळ एकटीनं राहून बघायचं असतं. हे मावशीला न दुखावता कसं सांगायचं, यावर ती फोन ठेवल्यावर दोन दिवस घालवते आणि शेवटी सांगते : "बघू गं, सध्या ऑफिसात फार काम आहे." मावशीला याचा अर्थ कळतो तो असा, की हा रविवार नको, पुढचा चालेल.

इथं अडचण मुलीच्या धीटपणाची नाही. ठरवून करायच्या लग्नात नकार देण्याची सोय फार जुनी आहे आणि ती चांगली आहे, पण ती वेगळ्या नकारासाठी आहे. "पत्रिका जुळत नाही" हे तिचं सर्वांत प्रचलित रूप. गुणमेलनात वर्णाच्या 1 गुणापासून नाडीच्या 8 गुणांपर्यंत आठ कूटांचे मिळून 36 गुण धरतात. 18 च्या खाली आले, किंवा दोघांची नाडी एक निघाली, की पत्रिका मानणारी घरं तिथंच थांबतात. पत्रिकेवर फारसा विश्वास नसलेली घरंही हे कारण वापरतात, कारण त्यात कुणाचा रंग, पगार किंवा शिक्षण कमी पडत नाही. दोष ग्रहांवर जातो आणि दोन्ही घरं पुढच्या एखाद्या लग्नात शेजारी बसून जेवू शकतात. "योग नाही" हे त्याच जातीचं वाक्य.

ही वाक्यं नाकारतात ते स्थळ. वेळ नाकारायला त्यांचा उपयोग नाही. पत्रिका जुळली नाही असं कळलं, तर मावशी जुळणारी पत्रिका शोधते. मुलाचं गाव लांब म्हटलं, तर जवळचा मुलगा आणते. ज्या मुलीला लग्नच आत्ता नको आहे तिनं स्थळाचं कारण दिलं, की ती स्वतःच पुढच्या स्थळाला आमंत्रण देते.

मुलग्यांचं कारण बहुधा घराचं असतं : आधी फ्लॅट घेतो, मग बघू. तेही टिकत नाही. "अरे, लग्न झालं की दोघांच्या पगारावर कर्ज मिळेल," असं काकूचं उत्तर तयार असतं, आणि हिशेबाला ते खोटंही नसतं. कारण म्हणून अडचण सांगितली की समोरचं माणूस अडचण सोडवायला बसतं.

नकार द्यायची योग्य वेळ कोणती, हे स्थळ कसं पुढं सरकतं ते पाहिलं की उमगतं. आधी नुसतं नाव कानावर येतं. मग बायोडाटा आणि फोटो जातो. हल्ली तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि तिथून कुठं कुठं पोचतो ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. मग पत्रिका बघतात, आडून चौकशी करतात, आणि नंतर पाहण्याचा कार्यक्रम. पसंती आली तर बोलणी, याद्या, साखरपुडा. नाव कानावर आलं तेव्हा "नको" म्हटलं, तर ते मावशी आणि भाची यांच्यातच राहतं. बायोडाटा गेल्यावर म्हटलं, तर मावशीला दुसऱ्या घरी काहीतरी सांगावं लागतं. रविवार ठरल्यावर म्हटलं, तर तिचा शब्द खाली पडतो. तिकडच्यांनी कुणाची तरी गाडी सांगितलेली असते, मुलानं रजा टाकलेली असते आणि त्यांना वाटतं, यांनी आपल्यात काहीतरी खोट काढली.

म्हणून "फक्त बघून घे, बघितलं म्हणजे काय लग्न होतं का?" या आग्रहाला भुलून कार्यक्रमाला बसणं हा सगळ्यांत महाग नकार ठरतो. पोहे होतात, चहा होतो, दोघांना गच्चीवर बोलायला पाठवतात. मुलीचं "नाही" आधीच ठरलेलं असतं. समोरच्या मुलाला ते माहीत नसतं. त्याच्या लेखी त्याला पाहून नाकारलं जातं, आणि मावशीच्याही लेखी तसंच. मुलाच्या घरून होकार आलाच, तर आता कारण स्थळातच शोधावं लागतं. मग शोधलेलं ते कारण मावशीला अपमानासारखं लागतं.

समजा, सांगलीच्या मावशीचा फोन गुरुवारी आला आहे. मुलीनं पहिलं काम आईशी बोलण्याचं करावं. मावशीचा फोन अनेकदा आईच्याच सांगण्यावरून आलेला असतो. त्याची एक खूण आहे. मावशीला भाचीची अचूक जन्मवेळ ठाऊक असेल, किंवा गेल्या महिन्यात काढलेला साडीतला फोटो तिच्याकडे असेल, तर तो घरातूनच गेलेला असतो. अशा वेळी मावशीला कितीही नीट समजावलं तरी उपयोग होत नाही, कारण खरं बोलणं आईबाबांशी व्हायला हवं असतं. आणि आई "विचारते तिला" म्हणाली नि मुलगी "नको" म्हणाली, तर मावशी आईचंच वाक्य धरून बसते. घरातून एकच उत्तर जायला हवं.

त्यानंतरचा फोन मुलीनं स्वतः करावा. कुटुंबाच्या ग्रुपवर उत्तर लिहिलं, तर मावशीला चारचौघांत नकार मिळतो आणि उरलेल्या तीन काकू सल्ला द्यायला सरसावतात. बोलणं साधारण असं होऊ शकतं.

"मावशी, तू माझ्यासाठी स्थळ बघितलंस, मला बरं वाटलं. पण मी आत्ता लग्नाचा विचार करत नाहीये. आईबाबांशीही बोलले आहे. म्हणून कार्यक्रम नको ठरवूस."

"अगं, मुलगा खरंच चांगला आहे. एकदा बघ तरी."

"चांगला असेल, म्हणूनच नको. माझं उत्तर नाही असणार हे मला माहीत आहे. त्यांना घरी बोलावून तसं सांगणं बरं दिसणार नाही, आणि मध्ये तू आहेस."

"कुणी आहे का मनात? मला सांग."

"नाही गं. असतं तर तुलाच आधी सांगितलं असतं."

हा शेवटचा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. त्याचं उत्तर खरं असावं. मनात कुणी असेल, तर "तयारी नाही" ही सबब पुढं करणं धोक्याचं, कारण सहा महिन्यांनी ते नाव बाहेर आलं की मावशीला फसवल्यासारखं वाटतं. सांगायचं नसेल, तर "त्याबद्दल आत्ता नको बोलूया" एवढं पुरतं.

फोन ठेवण्याआधी मावशीच्या हातात एक वाक्य द्यायला हवं, तिकडच्या घरी जसंच्या तसं सांगता येईल असं : "मुलीचा अजून दोन वर्षं लग्नाचा विचार नाही, आम्हालाच आधी माहीत नव्हतं, तुमच्या मुलात काही कमी नाही." हे तिला दिलं नाही तर ती स्वतःचं वाक्य तयार करते. ते "हल्लीच्या मुली" असं सुरू होण्याची शक्यता बरीच. त्याबरोबरच बायोडाटा आणखी कुणाला पाठवला आहे का, हेही विचारावं आणि तो पुढं न पाठवण्याची विनंती करावी. नाहीतर या मावशीनं थांबवलेलं काम तिच्या नणंदेकडून चालू राहतं.

मुदत सांगावी का? "सध्या नको" याला मावशी स्वतःची मुदत लावते आणि ती बहुधा पुढच्या चतुर्थीपर्यंतची असते. "पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत नको" असं सांगितलं, तर ती वर्षभर थांबते, पण त्या दिवाळीला तिचा फोन हमखास येतो. मुदत खरी असेल तरच द्यावी. नसेल तर "ठरलं की मी स्वतः तुला फोन करीन, तोवर बघू नकोस" हे जास्त प्रामाणिक असतं.

नकार देताना ती नेमकी कोण आहे, यानंही फरक पडतो. मावशीचा रुसवा आई काढू शकते. आत्याचं तसं नसतं. माहेरात तिचा मान असतो, आणि तिच्याशी बोलायचं तर बाबांनी बोलावं अशी तिची अपेक्षा असते. शिवाय महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आत्याच्या मुलानं मामाची मुलगी करण्याची रीत आहे. डेक्कन कॉलेजमधल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नात्यागोत्यांवरच्या इंग्रजी ग्रंथात या प्रथेची नोंद केली आहे. उत्तरेत असं लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते मान्य, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. तेव्हा आत्या "स्थळ आहे" म्हणाली, तर ते बाहेरचं आहे की तिच्याच घरचं, हे आधी नीट ऐकून घ्यावं. तिचाच मुलगा असेल, तर तिकडं निरोप नेणारी आणि नकार ऐकणारी व्यक्ती एकच असते, आणि तिच्या घरी भाऊबीजेला जायचंच असतं. तिथं नुसत्या "आत्ता नको" वर थांबू नये. भावासारखा वाटत असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाकावं. नाहीतर आत्या दोन वर्षं मुलाला थांबवून ठेवते.

रविवार आधीच ठरून गेला असेल, तर कार्यक्रम मोडायचा फोन मावशीनंच करावा, कारण शब्द तिनं दिलेला असतो. मात्र मुलीच्या आईनं किंवा बाबांनीही त्याच दिवशी तिकडं फोन करून दिलगिरी सांगावी. शनिवारी रात्रीपेक्षा गुरुवारी सांगितलेलं बरं, एवढं तर मावशीही मान्य करते. तरीही ती रागावली, तर तो राग काही दिवस राहील. तेवढ्यात तिच्याकडं फराळाला जाणं टाळू नये, आणि गेल्यावर विषय आपण काढू नये. ती काढेल. तेव्हा तेच उत्तर, तेवढ्याच शब्दांत द्यावं. प्रत्येक वेळी नवं कारण दिलं, की मावशीला वाटतं अजून बोलायला जागा आहे.