साडी निळी नव्हतीच

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरातला रंगीत स्टुडिओ फोटो दुरुस्तीला आला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा, कमरेपर्यंतचा. आजी खुर्चीत ताठ बसलेल्या, गळ्यात कोल्हापुरी साज. फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेला, दुपारनंतरचं ऊन थेट त्याच्यावर. साडी उडून राखाडी-निळसर झालेली. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की साडी होती तशी गर्द निळी करा, पण आजींच्या चेहऱ्याच्या रंगाला हात लावू नका. फ्रेम उघडली तेव्हा खालच्या लाकडी पट्टीआड चारेक मिलिमीटर साडी झाकलेली सापडली. ती चक्क जांभळी होती.

घरचे खोटं बोलत नव्हते. साडी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांनी पाहिला होता तो फोटो. पहिला गैरसमज इथलाच: ऊन लागलं की रंग नुसता फिका होतो, बदलत नाही. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात, पिवळा, मॅजेंटा आणि सायन, आणि उजेडात ते सारख्या वेगानं उडत नाहीत. उन्हात बहुधा मॅजेंटा आधी जातो. जांभळा म्हणजे मॅजेंटा अधिक सायन, त्यातला मॅजेंटा गेला की उरतो मळका निळा. लाल काठ त्याच कारणानं पिवळट-नारिंगी होतो, हिरवी साडी मात्र बरीचशी टिकते. (अंधारात, अल्बममध्ये ठेवलेल्या त्या काळच्या प्रिंटचं उलट होतं. तिथं सायन जातो आणि सगळा फोटो लालसर पडतो.) त्यामुळे ऊन खाल्लेल्या फोटोत दिसणारा रंग हा पुरावा धरायचाच नाही. पुरावा फ्रेमच्या पट्टीआड असतो. कमरेपर्यंतच्या फोटोत खालची कड साडीतूनच जाते, म्हणून तो हमखास साडीचाच सापडतो.

अर्थात फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही. वरचा थर काचेवरच राहतो. तसाच काचेसकट स्कॅन करावा आणि झाकल्या कडेचा नाद सोडावा. हा फोटो सुटा होता. 600 डीपीआय, 48 बिट, स्कॅनरची सगळी आपोआप सुधारणा बंद, फाइल टिफ. एवढ्या बारकाव्यात चार मिलिमीटरची पट्टी सुमारे 94 पिक्सेल उंच येते, मोजायला भरपूर.

आता दुसरा गैरसमज, सगळ्यात चिवट: `Saturation` वाढवलं की उडालेला रंग परत येतो. ते फक्त आहे तोच रंग भडक करतं. निळं पडलेलं कापड आणखी निळं होतं, जांभळं होत नाही, आणि सरकपट्टी सगळ्या फोटोला लागू असली तर आजींचे गाल भाजल्यासारखे नारिंगी दिसतात. आपोआप रंग सुधारणारं बटण याहून फसवं. ते सगळ्या चित्राची सरासरी बघतं, आणि साडीनं अर्धी चौकट व्यापलेली असल्यामुळे साडीचा दोष काढायला जाऊन चेहराही सोबत ओढतं.

तिसरा गैरसमज थोडं काम येणाऱ्यांचा असतो: साडीवर मास्क करा, वर जांभळा थर टाका, थराची पद्धत `Color` ठेवा, झालं. ही पद्धत खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग घालते. पण इथं उजेड-अंधारच बिघडलेला आहे. एकाच चुणीवर झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी शेजारी मोजली. झाकलेल्या भागात R 96, G 50, B 104, उघड्या भागात R 118, G 112, B 138. डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून G वर चढला की कापड उजळतं. हिशेब केला तर उजळपणा 70 वरून 117 वर गेलेला. या 117 वर जांभळा रंग पांघरला की साडी गर्द जांभळी न होता लव्हेंडर होते, वर प्लास्टिकसारखी सपाट.

म्हणून `Curves` चा थर घेतला, मास्क फक्त साडीचा, पद्धत साधी `Normal`. हिरव्या चॅनलमध्ये 112 चं 50, लाल चॅनलमध्ये 118 चं 96, निळ्यात 138 चं 104. एका बिंदूवर भागत नाही, कारण चुणीच्या खळग्यात द्रव्य जास्त असतं आणि उजळ माथ्यावर कमी, दोन्हीकडची झीज वेगळी. त्याच सीमेवर चुणीचा खळगा आणि माथाही मोजला आणि प्रत्येक चॅनलला तीन-तीन बिंदू दिले. विणीचा पोत राहिला, कारण नवीन काही रंगवलेलं नव्हतं, असलेला फरक पूर्वीच्या जागी नेला होता. काठाचा पिवळा वेगळा झिजतो, त्याला स्वतंत्र मास्क.

चौथा: मास्क नीट केला की त्वचा सुरक्षित. कडेला तसं होत नाही. मास्कची कड चाकूसारखी ठेवली तर गळ्याभोवती फिकी रेघ राहते, फार मऊ केली तर मानेवर जांभळं सांडतं. एक-दोन पिक्सेलचा मऊपणा पुरतो. साजाची पानं आणि मंगळसूत्राचे मणी साडीवर रुळत असतात, ते मोठं करून एकेक मास्कबाहेर काढावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण सोनं जांभळं झालं की फोटो हातातून गेला.

आणि खरी परीक्षा डोळ्याची नाही. साडी गर्द झाली की शेजारचा चेहरा, एक पिक्सेलही न बदलता, पिवळट वाटू लागतो. घरचे लगेच म्हणतात, चेहरा बदलला. म्हणून काम सुरू करण्याआधी कपाळ, गाल आणि मान या तीन ठिकाणी रंगमापक बिंदू लावून ठेवायचे आणि शेवटी आकडे तंतोतंत तेच आहेत का पाहायचं. आजींच्या त्वचेतलाही थोडा मॅजेंटा गेलेलाच होता, पण चेहऱ्याचा एकही तुकडा पट्टीआड नव्हता. पुराव्याशिवाय त्वचा सुधारणं म्हणजे सहसा गोरं करणं, आणि तो उद्योग स्टुडिओंनी पूर्वी पुष्कळ केलेला आहे.

कोल्हापुरात एक घोळ हमखास होतो. बाबूराव पेंटरांचं हे गाव, पेंटरांची इथं कधी वाण नव्हती, आणि जुन्या घरांत कृष्णधवल फोटोवर हातानं रंग भरलेलेही सापडतात. तिथं वरचा सगळा हिशेब उलटतो. उजेड-अंधार चांदीच्या थरात असतो आणि तो बराच टिकतो, उडतो फक्त वरून लावलेला रंग. तिथं `Color` पद्धतच बरोबर, `Curves` नं कापड उगाच काळं पडेल. ओळखायचं कसं? भिंगातून कड पाहावी. रंग काठाबाहेर सांडलेला, कुठे साचलेला आणि उडालेल्या जागी खाली स्वच्छ करडा दिसला, तर तो हाताचा रंग.

आजींच्या उजव्या खांद्यावर, ऊन सर्वांत जास्त लागलं तिथं, पदर जवळजवळ कागदासारखा पांढरा झाला होता. तिथं कोणत्याही वक्रानं काही येत नाही, कारण वर आणायला खाली काही उरलेलंच नाही. तेवढा भाग शेजारच्या चुण्यांवरून हातानं भरला, वेगळ्या थरावर, आणि देताना घरच्यांना बोटानं दाखवला. मूळ स्कॅन वेगळ्या फाइलमध्ये दिला, आणि फोटो खिडकीसमोरून हलवायला सांगितला.